१४६ मागे, १३९ पुढे: जुळ्या बहिणींच्या सीईटी निकालाचा हिशोब

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक वडील आपल्या दोन्ही मुलींना घेऊन माझ्याकडे आले. जुळ्या बहिणी, दोघी माझ्याच वर्गातल्या. बारावीला मी संख्याशास्त्र आणि गणित शिकवतो, त्यामुळे निकाल लागला की असे पालक येतातच. पण या वेळी तक्रार नेहमीची नव्हती. मार्क कमी पडले म्हणून ते आले नव्हते. जिला जास्त मार्क पडले ती मागे राहिली, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोघींनी एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुप दिला होता. थोरलीची परीक्षा एका दिवशी सकाळच्या सत्रात, धाकटीची तीन दिवसांनी दुपारच्या सत्रात. आन्सर की आल्यावर दोघींनी लॉगिनमध्ये जाऊन आपापली उत्तरं की-शी ताडून पाहिली होती. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि गणित १००, असे एकूण २०० मार्क. थोरलीचे भरले १४६, धाकटीचे १३९. त्या संध्याकाळी घरात थोरलीचं कौतुक झालं. मग निकालपत्र आलं, त्यात थोरलीला ९६.८ पर्सेंटाइल आणि धाकटीला ९७.६. (निकालपत्रावर सात दशांश स्थळं असतात, मी इथे एकच घेतो.)

"सर, सात मार्क जास्त असून पोरगी मागे कशी? मशीननं काहीतरी घोळ घातलाय," वडील म्हणाले. थोरली गप्प होती. धाकटी तिच्याहून गप्प. तिला वाटत होतं की आपल्याला फुकटचं काहीतरी मिळालंय, आणि तेही बहिणीच्या वाट्याचं.

घोळ नव्हता. पण "नॉर्मलायझेशन झालंय" एवढंच सांगून त्यांना परत पाठवणं मला बरोबर वाटलं नाही. तो शब्द पालकांनी हजारदा ऐकलेला असतो आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. तोच इथे लिहितो.

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते

सीईटीच्या निकालपत्रावर मार्क नसतातच, फक्त पर्सेंटाइल असतो. तो काढायची रीत एका ओळीची आहे:

```
पर्सेंटाइल = १०० × (त्याच सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क असलेले उमेदवार) ÷ (त्या सत्रातले एकूण उमेदवार)
```

या ओळीत सगळ्यात महत्त्वाचे शब्द म्हणजे "त्याच सत्रात". थोरलीची तुलना धाकटीशी झालीच नाही. ती झाली त्या सकाळी तोच पेपर सोडवणाऱ्यांशी. धाकटीची तुलना तिच्या दुपारच्या सत्रातल्या मुलांशी झाली. दोघींचे पेपर वेगळे होते, त्यामुळे १४६ आणि १३९ हे दोन आकडे दिसायला एका पट्टीवरचे असले तरी मुळात दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे होते.

आकडे गोल करून पाहू. समजा प्रत्येक सत्रात २५,००० मुलं बसली. थोरलीच्या सत्रात १४६ किंवा त्याहून कमी मार्कांची मुलं २४,२००, म्हणजे तिच्या वर ८००. २४,२०० भागिले २५,००० गुणिले १००, झाले ९६.८. धाकटीच्या सत्रात १३९ किंवा त्याहून कमी मार्कांची २४,४००, म्हणजे तिच्या वर ६००. हिशोब येतो ९७.६.

वडिलांनी लगेच विचारलं, "म्हणजे थोरलीच्या सत्रात हुशार पोरं जास्त होती?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचं उत्तर पुढे येईल, कारण या पद्धतीची खरी मर्यादा तिथेच आहे. पण पद्धत स्वतः जे गृहीत धरते ते उलटं आहे: मुलं दोन्हीकडे सारखीच होती, पेपर सोपा-अवघड होता. सकाळचा पेपर सोपा गेला म्हणून १४६ च्या वर ८०० जण पोचले. दुपारचा अवघड गेला, म्हणून १३९ च्या वर ६००च पोचू शकले.

पेपर "अवघड" म्हणजे नेमकं काय

मुलांना वाटतं अवघड पेपर म्हणजे न येणारे प्रश्न. सीईटीत तसं क्वचित असतं. इथे मारून टाकते ती वेळ. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद.

धाकटीने तिच्या पेपरातला एक प्रश्न मला आठवून सांगितला. निश्चित संकलनाचा होता. आधी आदेश घ्यायचा, मग खंडशः संकलन दोनदा, आणि शेवटी मर्यादा घालून पर्याय ओळखायचा. तिला तो आला. पण त्यात साडेचार मिनिटं गेली, म्हणजे अडीच प्रश्नांचा वेळ. असे सात-आठ प्रश्न एखाद्या पेपरात आले की शेवटचे बारा-पंधरा प्रश्न वाचायलाही मिळत नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे मुलं ते अंदाजाने टिचकवतात, आणि चार पर्यायांत चारातला एखादाच बरोबर येतो. सगळे प्रश्न "पुस्तकातलेच" असूनही पेपर दहा-बारा मार्कांनी अवघड होतो तो असा. पेपर काढणाऱ्यांनी कितीही काळजी घेतली तरी दहा-बारा वेगळ्या पेपरांमधला हा वेळेचा भार तंतोतंत सारखा ठेवणं कुणाला जमत नाही. जमलं असतं तर नॉर्मलायझेशनची गरजच पडली नसती.

एकत्र यादी

प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल वेगळे काढून झाले की सगळे एकत्र करून उतरत्या क्रमाने लावतात. तीच राज्याची यादी. इथे मार्क कुठेच येत नाहीत.

समजा अशी आठ सत्रं झाली, एकूण २ लाख मुलं. धाकटीच्या वर साधारण २.४ टक्के, म्हणजे ४,८०० जण. थोरलीच्या वर ३.२ टक्के, म्हणजे ६,४००. दोघींमध्ये १,६०० नंबरांचं अंतर. ०.८ हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये १,६०० नंबर म्हणजे कॉलेज बदलतं. वडिलांचा जीव तुटत होता तो यासाठीच, आणि ते मला पूर्ण समजत होतं.

मी पडताळणी कशी केली

सिद्धांत सांगून भागलं नसतं. पेपरात खरंच फरक होता का, हे पाहायला आमच्याकडे थोडी माहिती होती. आमच्या वर्गातली ११ मुलं थोरलीच्या सत्रात बसली होती आणि ९ धाकटीच्या. या सगळ्यांच्या वर्षभराच्या सराव परीक्षांचे मार्क माझ्या वहीत होते. प्रत्येकाच्या शेवटच्या पाच सराव परीक्षांची सरासरी काढली आणि सीईटीच्या मार्कांतून वजा केली. मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करायची नाही, त्याची तुलना त्याच्याशीच करायची.

थोरलीच्या सत्रातल्या ११ पैकी ९ जणांना सरावापेक्षा जास्त मार्क होते, सरासरी ६ ने. धाकटीच्या सत्रातल्या ९ पैकी ७ जणांना कमी होते, सरासरी ५ ने. म्हणजे दोन पेपरांत साधारण ११ मार्कांचा फरक. थोरलीचा स्वतःचा सरावाचा आकडा १४१ होता, धाकटीचा १४३. वर्षभर धाकटीच दोन मार्कांनी पुढे होती. १४६ च्या कौतुकात हे घरातलं कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं.

वीस मुलांवरून राज्याचं काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण दिशा कळते. एखाद्या निकालाबद्दल शंका आली तर सर्वांत आधी हेच करून पाहावं. त्याच सत्रातल्या ओळखीच्या मुलांचे मार्क त्यांच्या नेहमीच्या मार्कांच्या वर आहेत की खाली, एवढंच बघायचं. सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर पेपर सरकलाय. एकटं आपलंच मूल सरकलेलं दिसलं तर मात्र उत्तरांची नोंद पुन्हा तपासावी.

रद्द झालेला प्रश्न

थोरलीच्या बाबतीत अजून एक गोष्ट घडली होती, आणि ती समजून घेताना ती पहिल्यांदा बोलली. तिच्या पेपरातला गणिताचा एक प्रश्न आक्षेपांनंतर चुकीचा ठरला आणि सगळ्यांना त्याचे २ मार्क मिळाले. ती म्हणाली, "सर, मला काहीच फरक पडला नाही. माझं उत्तर आधीच्या की-प्रमाणे बरोबर होतं. १४६ चे १४६च राहिले."

मार्कांत फरक पडला नाही, पण पर्सेंटाइलमध्ये पडला. ज्यांचं उत्तर बरोबर धरलं होतं ते जागेवर राहिले आणि ज्यांचं चुकलं होतं ते २ ने वर आले. १४४ वाले १४६ झाले. ते थोरलीच्या बरोबरीला आले, आणि सूत्रात "इतके किंवा कमी" असल्यामुळे त्यांच्यामुळे तिचं नुकसान नाही. पण ज्यांना १४५ किंवा १४६ होते आणि हा प्रश्न चुकला होता ते १४७-१४८ वर गेले, म्हणजे तिच्या पुढे. समजा अशी ४० मुलं होती. तर ती सूत्राच्या वरच्या संख्येतून वजा झाली. २४,२४० चे २४,२०० झाले आणि ९६.९६ चे ९६.८.

सगळ्यांना मार्क दिले म्हणजे कुणाचंच काही गेलं नाही, असं सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. ज्यांचं आधी बरोबर धरलं होतं त्यांची आघाडी जाते. प्रश्नच चुकीचा असेल तर ती आघाडी खरी नव्हतीच, हेही तितकंच खरं. पण मार्क न बदलता पर्सेंटाइल घसरला तर कारण बहुधा असंच काहीतरी असतं.

तीन विषयांची सरासरी का जुळत नाही

वडिलांनी मोबाइलवर आणखी एक "चूक" काढून ठेवली होती. थोरलीचे विषयवार पर्सेंटाइल असे: गणित ९७.९, फिजिक्स ९५.२, केमिस्ट्री ९४.६. सरासरी ९५.९. निकालपत्रावर एकूण मात्र ९६.८. इथे तर जास्त मिळालं होतं, म्हणून त्यांनी ते शेवटी काढलं.

एकूण पर्सेंटाइल हा विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो. आधी तीन विषयांच्या मार्कांची बेरीज होते, मग त्या बेरजेवर पर्सेंटाइल नव्याने काढतात. केमिस्ट्रीत तिच्या पुढे ५.४ टक्के मुलं होती. पण त्यातली बरीच गणितात घसरली, काही फिजिक्समध्ये. तिन्ही विषयांत एकाच वेळी पुढे राहणारे नेहमीच कमी असतात. त्यामुळे तिन्हीकडे सारखं चांगलं करणाऱ्याचा एकूण पर्सेंटाइल विषयांच्या सरासरीपेक्षा वर जातो. शिवाय गणिताला दुप्पट मार्क असल्यामुळे बेरजेत त्याचंच वजन जास्त पडतं.

हुशार पोरं एका सत्रात जमली तर?

आता त्या मघाच्या प्रश्नाकडे येतो. सत्रात ८०० जण पुढे गेले ते पेपर सोपा होता म्हणून, की मुलंच तयारीची होती म्हणून? सूत्राला हे कळत नाही. कळायला त्याच्याकडे काही साधनच नाही. ते सरळ धरून चालतं की प्रत्येक सत्रातला समूह तयारीच्या दृष्टीने सारखा आहे. सत्रांचं वाटप कुणाच्या निवडीवर न सोडता यादृच्छिकपणे करायचं ते यासाठीच.

मग यादृच्छिक वाटपातून किती चूक राहू शकते? संख्याशास्त्रात हे काढता येतं. ९७ पर्सेंटाइलच्या आसपास, २५,००० मुलांच्या सत्रात, निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल (०.९७ × ०.०३ ÷ २५,०००) च्या वर्गमूळाच्या १०० पट, म्हणजे साधारण ०.१ पर्सेंटाइल येते. दोन सत्रांची तुलना करताना ती ०.१५ च्या घरात जाते. बहिणींमधलं ०.८ चं अंतर याच्या पाचपट आहे, त्यामुळे ते नुसत्या योगायोगाचं नाही. पण वेगळ्या सत्रांतल्या दोन मुलांमध्ये ०.०५ चा फरक असेल, तर कोण खरोखर पुढे आहे हे कुणीच सांगू शकत नाही. सात दशांश स्थळं दिली जातात ती बरोबरी कमी व्हावी म्हणून. त्यातली शेवटची पाच मोजमापाची अचूकता सांगत नाहीत. २ लाखांच्या यादीत ०.१ म्हणजे २०० नंबर, आणि ते २०० नंबर पूर्णपणे नशिबाचे असू शकतात. मला हे मनापासून खटकतं, पण अनेक सत्रांच्या परीक्षेत यातून पूर्ण सुटका नाही.

सत्र लहान असेल तर हे आणखी वाढतं. २,५०० मुलांच्या सत्रात तीच हालचाल ०.३४ होते. शिवाय प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला १०० पर्सेंटाइल मिळतोच, मग त्याचे मार्क १९८ असोत की १८१, कारण त्याच्याइतके किंवा कमी मार्क असलेले म्हणजे अख्खं सत्र. लहान सत्रात तो मान मिळवणं सोपं जातं. म्हणून तांत्रिक बिघाडानंतर मूठभर मुलांची वेगळी परीक्षा झाली तर तिच्या निकालाकडे मी जास्त बारकाईने बघतो. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या प्रश्नांचे पर्याय चुकल्यामुळे ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली, तेव्हा "त्यांना आठवडा जास्त मिळाला" अशी ओरड होती. पण फेरपरीक्षेच्या सत्रात प्रत्येकालाच तो आठवडा मिळाला होता आणि तुलना त्यांची त्यांच्यातच होती. समूह हजारोंचा होता, त्यामुळे ती भीती फारशी खरी नव्हती.

"मग मार्कच दुरुस्त करून का देत नाहीत?"

हा धाकटीचा प्रश्न. तशीही पद्धत आहे. एमटेकच्या गेट परीक्षेत अनेक सत्रांच्या पेपरांना ती वापरतात, आणि केंद्राच्या नोकरभरतीची एसएससी, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशन, बरीच वर्षं वापरत होती. तिथे सत्राची सरासरी, प्रमाण विचलन आणि वरच्या ०.१ टक्के उमेदवारांची सरासरी घेऊन मार्कच ताणतात किंवा आवळतात. त्यात एक विचित्र गोष्ट होऊ शकते. समजा एका अवघड सत्राची सरासरी अधिक विचलन ९० आहे आणि वरच्या ०.१ टक्क्यांची सरासरी १७०. पूर्ण परीक्षेचे हेच आकडे १०५ आणि १८५. सर्वांत सोप्या सत्राच्या सरासरीत पूर्ण परीक्षेचं विचलन मिळवलं तर ११२. या सत्रात कुणाला १८० मार्क असतील तर:

```
(१८५ − १०५) ÷ (१७० − ९०) × (१८० − ९०) + ११२ = २०२
```

२०० पैकी २०२. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीच्या निकालात २०० पैकी २१४ गुण दिसले तेव्हा लोक हादरले होते, आणि साहजिकच होतं. ती परीक्षा ५७ सत्रांत झाली होती. मार्क ताणणाऱ्या सूत्राला कमाल मर्यादेचं भान नसतं, त्यामुळे असे आकडे नुसत्या गणितातूनही येऊ शकतात. पर्सेंटाइल १०० च्या वर कधीच जात नाही, हा त्याचा एक सरळ फायदा. जून २०२५ मध्ये एसएससीनेही पर्सेंटाइलवर आधारलेली पद्धत स्वीकारली.

पुढे काय केलं

वडिलांना तक्रार अर्ज करायचा होता. मी थोरलीची प्रश्नागणिक उत्तरं काढायला लावली. नोंदवलेला पर्याय, अंतिम की, मार्क, असे तीन रकाने. बेरीज १४६च आली. म्हणजे नोंदीत चूक नव्हती, आणि आक्षेपांची मुदत तर कधीच संपली होती. अर्ज करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग कॅपच्या पसंतीक्रमाला बसलो. वडिलांनी इंटरनेटवरून "१४६ मार्क म्हणजे किती पर्सेंटाइल" असा एक तक्ता छापून आणला होता, त्यात ९८ च्या वर दाखवलं होतं. तो बाजूला ठेवायला लावला. तो कुठल्यातरी दुसऱ्या वर्षीच्या, दुसऱ्या सत्राचा असणार, आणि थोरलीच्या सत्राला त्याचा काही उपयोग नव्हता. गेल्या वर्षीचे कटऑफ पर्सेंटाइलमध्येच असतात, तेच समोर घेतले. थोरलीसाठी ९७.३ पासून खाली उतरत यादी केली. वरची तीन-चार नावं आशेवरची आणि ९६.८ च्या खालची आठ खात्रीची. धाकटीची तशीच, ९८.१ पासून. दोन्ही याद्यांत पाच कॉलेजं सामाईक निघाली. थोरलीने स्वतः त्या पाचांवर पेन्सिलीने खूण केली आणि बहिणीला विचारलं, "यातलं कुठलं वर ठेवू?"